टाचेखालची उशी

बाबांना डिस्चार्ज मिळाला त्या दुपारी बिलाच्या खिडकीशेजारी एक वही दिसली, दोरीनं टेबलाला बांधलेली. वर ‘अभिप्राय’ असं लिहिलं होतं. रांग मोठी होती म्हणून मी पानं चाळत बसले. ‘सर्व स्टाफचे सहकार्य उत्तम, मनःपूर्वक आभार.’ ‘डॉक्टर व सिस्टर यांचे शतशः आभार.’ ‘छान सेवा मिळाली, धन्यवाद.’ पानामागून पान हेच. लिहिणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी मनापासून सांगायचं होतं, हे त्या अक्षरांवरूनही कळत होतं. काहींनी तर नावाखाली गावाचं नाव आणि तारीखही नीट घातली होती. पण कोणी, कधी, काय केलं हे पन्नासेक नोंदींमधून एकदाही समजत नव्हतं.

मीही पेन उचललं आणि हातानं आपोआप ‘आपल्या सहकार्याबद्दल’ असं लिहिलं. तिथं थांबले, कारण त्या नऊ दिवसांत आमच्या बाबतीत घडलं होतं ते ‘सहकार्य’ नव्हतं. टाचेखाली कोणीतरी एक उशी ठेवली होती, ते घडलं होतं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरनी सलाईन बघता बघता पायावरची चादर बाजूला केली आणि उजव्या टाचेवर बोट दाबून धरलं. टाच लालसर झाली होती. बोट उचललं तरी लाली तशीच राहिली. निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि मग रंग परत येतो. लाली दाबूनही हलत नसेल तर आत रक्त नीट पोचत नाहीये, आणि बेडसोरची ती सुरुवात असते. टाचेला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस फारसं नसतं, त्यामुळे एकाच जागी पडून राहणाऱ्या माणसाची टाच लवकर धोक्यात येते. सिस्टरनी एक जास्तीची उशी मागवली आणि ती टाचेखाली न ठेवता पोटरीखाली अशी ठेवली की टाच गादीला टेकेचना, अधांतरी राहिली. मला म्हणाल्या, ‘ताई, उशी घसरली की टाच पुन्हा टेकते. तेवढं बघत राहा.’ मग दर दोन तासांनी कूस बदलायला त्या स्वतः आल्या. चौथ्या दिवशी सकाळी लाली गेलेली होती.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि वहीत मात्र मी ‘सहकार्य’ लिहायला निघाले होते.

कृतज्ञ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो उघडून बघत नाही. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. पुस्तकाच्या सुरुवातीला येणारा ‘ऋणनिर्देश’ही तसाच आहे. निर्देश करणं म्हणजे बोट दाखवणं. आणि तरीही आपल्या समारंभांत, निमंत्रणांत, स्मरणिकांत ‘ज्यांनी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मदत केली त्या सर्व ज्ञात-अज्ञातांचे आभार’ हे वाक्य ठरलेलं असतं. त्यात बोट कुठंच दाखवलेलं नसतं. मांडववाल्यानं ऐन पावसात ताडपत्री बदलली, शेजारच्या काकूंनी चाळीस जणांचा स्वयंपाक ऐन वेळी सत्तर जणांचा केला, हे त्या वाक्यात बुडून जातं.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा असा झाला: ‘सिस्टर, तुम्ही अतिशय प्रेमळ आणि कर्तव्यदक्ष आहात. तुम्ही आमच्यासाठी देवासारख्या धावून आलात. तुमच्यामुळेच आज बाबा बरे आहेत. तुमचे उपकार आम्ही कधीही विसरणार नाही.’ वाचलं आणि लक्षात आलं की वरचं नाव बदललं तर हेच पत्र भूलतज्ज्ञांना, रिक्षावाल्याला, कोणालाही पाठवता येईल. पत्र तपासायची मला तीच खूण सापडली: नाव खोडून दुसऱ्याचं घातलं आणि तरी पत्र चाललं, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

त्या खर्ड्यात आणखीही दोन चुका होत्या. एक म्हणजे ‘तुमच्यामुळेच बाबा बरे आहेत’. हे खरं नव्हतं. हाड सर्जननं बसवलं होतं, चालायला फिजिओथेरपिस्टनं शिकवलं होतं. न केलेल्या कामाचं श्रेय हातात ठेवलं की समोरचा माणूस संकोचतो, आणि केलेल्या कामाचं मोल त्या मोठ्या शब्दाखाली दिसेनासं होतं. दुसरी चूक अशी की पत्रात विशेषणं होती आणि क्रियापदं नव्हती. ‘प्रेमळ’ हा मी सिस्टरना दिलेला शेरा झाला. ‘बोट दाबून बघितलंत’ हे त्यांचं काम झालं.

दुसरा खर्डा लिहायला तासभर गेला, आणि त्यातला बराचसा वेळ आठवण्यात गेला. कोणती रात्र? कोणता पाय? लाली गेली ती तिसऱ्या दिवशी की चौथ्या? बहिणीला फोन करून विचारलं. शेवटी पत्र झालं ते एवढं:

‘सिस्टर, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री तुम्ही बाबांच्या उजव्या टाचेवर बोट दाबून पाहिलंत आणि लाली जात नाही हे हेरलंत. सलाईन बघायला आलेल्या असताना तुम्ही चादर उचलून पाय बघितलात. आम्ही दोघी बहिणी दिवसभर शेजारी बसून होतो, आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी केलीत, मला ती कशी सांभाळायची ते शिकवलंत आणि रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायला आलात. चौथ्या दिवशी सकाळी लाली गेली होती. नवव्या दिवशी बाबा अंगावर एकही जखम नसताना घरी आले आणि आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. टाचेला जखम असती तर त्या पायावर भार देणं त्यांना जड गेलं असतं. घरी आजही ती उशी आम्ही तशीच ठेवतो.’

‘आभार’ हा शब्द यात नाही, तो शेवटी घालावा की नाही यावर मी थोडा विचार केला आणि घातला नाही. शेवटचं वाक्य मात्र मी मुद्दाम ठेवलं. केलेली गोष्ट त्या रात्रीपुरती न राहता पुढंही चालू आहे, हे त्यातून कळतं, आणि करणाऱ्याला हे एरवी कळण्याचा मार्गच नसतो. वॉर्डातला माणूस डिस्चार्ज घेऊन गेला की त्याची टाच पुढं कशी राहिली हे सिस्टरना कोण सांगणार? परिणाम लिहायचा तो यासाठी. पण जे पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘तुम्ही नसतात तर बेडसोर झालाच असता’ असं मी लिहिलं नाही, कारण ते मला ठाऊक नाही. लाली होती आणि मग गेली, हे ठाऊक आहे.

परिणाम लिहिताना पत्र आपल्याच गोष्टीकडं घसरतं, हा धोका मात्र मोठा आहे. ‘मला किती बरं वाटलं, माझा जीव कसा भांड्यात पडला, माझी रजा कशी वाचली’ असं लिहीत गेलं की पत्राचा नायक बदलतो. अमेरिकेतल्या सारा अल्गो या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. जोडीदारांनी एकमेकांचे आभार मानतानाचे संवाद त्यांनी टिपले आणि दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: बोलणारा समोरच्याच्या कृतीचं कौतुक किती करतो, आणि आपल्याला झालेल्या फायद्याबद्दल किती बोलतो. ऐकणाऱ्याला ‘याला मी कळलो’ असं वाटण्याशी नातं आढळलं ते पहिल्या गोष्टीचं. नुसत्या फायद्याच्या वर्णनाचं तसं नातं दिसलं नाही. म्हणून मी वाक्यांचे कर्ते मोजले. ‘तुम्ही’ किती वेळा येतं आणि ‘मी’ किती वेळा. दुसऱ्या खर्ड्यात ‘मला फार धीर आला’ असं एक वाक्य होतं, ते काढलं.

आपल्याकडं एक अडचण वेगळीच असते. घरच्या आणि जवळच्या माणसाचे आभार मानले तर तो दुखावतो. ‘आभार कसले मानतेस, मी काय परका आहे का?’ हे माझ्या मेहुण्यांनी मला तोंडावर ऐकवलं आहे. दवाखान्यात तीन रात्री तेच झोपले होते. तेव्हा त्यांच्यापुढं मी आभाराचा शब्द काढलाच नाही. जेवायला बसल्यावर बाबांनाच सांगितलं, ‘त्या रात्री तुम्ही सलाईनची नळी ओढायला निघाला होतात ना, भावजींनी पहाटेपर्यंत तुमचा हात हातात धरून ठेवला होता. झोपले नाहीत ते.’ मेहुणे खाली मान घालून जेवत राहिले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, ‘साडेतीनला जरा डोळा लागला होता माझा.’ नुसतं काय घडलं ते सांगितलं की कोणी परकं होत नाही.

सिस्टरचं पत्र पाठवताना मात्र मी चार दिवस घुटमळले. एवढं बारीकसारीक लिहिणं विचित्र वाटेल, त्यांना आठवणारही नाही, असं मनात येत होतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये हेच पाहिलं होतं. कृतज्ञतेचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्याहून पत्र मिळालेल्यांना ते कमी अवघडवाणं आणि जास्त आनंदाचं वाटलं. लिहिणारे आपले शब्द बरोबर जमलेत का या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांना त्यातली आपुलकी दिसत होती. हे माहीत असूनही पाय अडखळतो, एवढं मी सांगू शकते. पत्राची एक प्रत मेट्रनना द्यायची हे ठरवलं, तेव्हा कुठं निघाले. चांगल्या कामाची लेखी नोंद वरच्या माणसापर्यंत गेली तर तिचा उपयोग होतो, आणि ‘छान सेवा’ या दोन शब्दांची नोंद कोणी काय म्हणून करणार?

टाके काढायला गेलो तेव्हा पत्र सिस्टरच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, यात एक चुकलंय. लाली आधी मी नाही बघितली. संध्याकाळी स्पंजिंग करताना मावशींनी बघितली, त्यांनी मला सांगितलं म्हणून मी चादर उचलली. आणि ती उशीसुद्धा त्यांनीच वरच्या मजल्यावरून मागून आणली.’

‘शतशः आभार’ लिहिलं असतं तर ही चूक होण्याची आणि कळण्याची काही शक्यताच नव्हती. मी पत्र परत घेतलं, ‘हेरलंत’ खोडून ‘मावशींनी सांगताच लगेच तपासलंत’ असं केलं आणि मावशींना शोधत गेले. त्या लिफ्टपाशी ट्रॉली पुसत होत्या. पत्र लिहिते म्हटल्यावर हसल्या. ‘मला कशाला ताई? लिहायचंच तर आमच्या सुपरवायझरला लिहा. आम्ही कंत्राटावर. त्यांना कळलं तर बरं.’

तिथंच बाकावर बसून लिहिलं. ‘आपल्याकडच्या मावशींनी स्पंजिंग करताना माझ्या वडिलांच्या उजव्या टाचेवरची लाली पाहिली आणि ती सिस्टरना लगेच कळवली. रात्री जास्तीची उशी वॉर्डात नव्हती, ती त्यांनी वरच्या मजल्यावरून आणून दिली. दोन दिवसांत लाली गेली, आणि वडील जखम न होता घरी आले.’ खाली मावशींचं पूर्ण नाव घालायचं होतं. नऊ दिवसांत ते मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं आणि त्यांनी सांगितलं तसं, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं.