झाडावरून उतरल्यानंतरचा हिशेब

जक्कयाची गोष्ट मराठी मंडळ्यांमध्ये लहान मुलांनाही तोंडपाठ असते. येशू यरीहोतून चालला होता. जक्कय हा तिथला मुख्य जकातदार, श्रीमंत, पण ठेंगणा. गर्दीत त्याला काही दिसेना, म्हणून तो पुढे पळत गेला आणि झाडावर चढला. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार आहे, असे सांगितले. लूकच्या शुभवर्तमानातील 19व्या अध्यायाच्या पहिल्या दहा वचनांत ही गोष्ट येते आणि या उताऱ्यावरचे बहुतेक संदेश झाडापाशीच रेंगाळतात.

झाड रेंगाळावे असेच आहे. मराठी बायबलात त्याला उंबर म्हटले आहे. आपला उंबर आणि यरीहोचे ते झाड एकाच कुळातले. बुंधा आखूड, फांद्या खाली आणि आडव्या पसरलेल्या, त्यामुळे ठेंगण्या माणसालाही चढता येईल असे. यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात अशी झाडे गावापासून 50 हात दूर असावीत असा नियम आहे. त्यावरून हे झाड यरीहोच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला असावे असा अंदाज करता येतो. पण झाडावर चढणे हे कुतूहलाचे काम होते. जक्कयाला खर्च पडला तो खाली उतरल्यावर, जेव्हा तो उभा राहून म्हणाला की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. हे एक वाक्य आकड्यांनी बोलते. संदेश द्यायचा तर त्या आकड्यांवर द्यावा, असे मला वाटते.

आधी त्याचा धंदा पाहू. यरीहो यार्देन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 250 मीटर खाली वसलेले उबदार गाव. खजुराच्या बागा आणि सुगंधी बाल्सम झाडांचे मळे यांसाठी ते प्रसिद्ध होते. हेरोद राजाने हिवाळ्यासाठी तिथे वाडे बांधले होते. यार्देनपलीकडून यहुदियात येणारा माल इथूनच यरुशलेमकडे चढत असे. अशा नाक्यावरची जकात सरकार स्वतः गोळा करत नसे, तिचा मक्ता दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम भरण्याचे कबूल करी आणि मग ती रक्कम, खर्च आणि नफा लोकांकडून वसूल करी. मुख्य जकातदार म्हणजे हाताखाली इतर वसुलीदार असलेला माणूस. फसवणुकीसाठी इथे खोटे कागद करायचीही गरज नव्हती. ओझ्याची किंमत जास्त लावायची, गोणी उघडायला लावून माणसाला ताटकळत ठेवायचे, किंवा तक्रार करीन अशी धमकी देऊन वरचे पैसे घ्यायचे. जनावर उन्हात उभे असताना व्यापारी वाद घालत नाही, पैसे देऊन मोकळा होतो.

पलमायरा या वाळवंटी व्यापारी शहरात 137 साली दगडावर कोरलेला जकातीचा तक्ता सापडला आहे. जक्कयानंतर शंभरेक वर्षांनी तो कोरला गेला. उंटाच्या ओझ्यावर किती, गाढवाच्या ओझ्यावर किती, हे त्यात मालागणिक दिले आहे. तो का कोरला, तेही त्यातच लिहिले आहे: जुन्या नियमात बऱ्याच वस्तूंचा उल्लेख नव्हता, वसुली रूढीवर चाले आणि व्यापारी व वसुलीदार यांच्यात सतत भांडणे होत. जिथे दर लिहिलेला नाही, तिथे जकातदाराच्या मनात येईल तो दर.

आता चौपट. हा आकडा जक्कयाने कुठून घेतला? मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायात अशा माणसाचा विचार आहे ज्याने शेजाऱ्याला फसवले किंवा लुबाडले आणि पुढे त्याला आपला दोष उमगला. त्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यावा आणि मगच दोषार्पण घेऊन वेदीकडे जावे. गणनाच्या 5व्या अध्यायात हाच नियम दोष कबूल करणाऱ्यासाठी पुन्हा येतो. निर्गमच्या 22व्या अध्यायात पकडलेल्या चोराचा विचार आहे. चोरलेले जनावर त्याच्याकडे जिवंत सापडले तर दुप्पट. कापले किंवा विकले असेल तर मेंढरामागे चार मेंढरे आणि बैलामागे पाच बैल. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद राजाने संतापून चौपटीचीच शिक्षा ठोठावली होती.

म्हणजे 100 नाणी लुबाडणारा माणूस आपण होऊन पुढे आला तर नियमाप्रमाणे 120 देऊन मोकळा. जक्कयाला कोणी पकडले नव्हते. लोक फक्त कुजबुजत होते, तेही त्याच्यापेक्षा येशूवर नाराज होऊन. 120च्या जागी तो 400 देऊ करतो. कबुली देणाऱ्याला मिळणारी सवलत तो मागत नाही. मेंढरू कापून खाल्लेल्या चोराच्या रांगेत तो स्वतःला उभा करतो आणि विचार केला तर ते बरोबरच आहे. शेतकऱ्याकडून घेतलेले जादा पैसे तिजोरीत जसेच्या तसे पडून नव्हते. त्यांतून घर झाले होते, मेजवान्या झाल्या होत्या, आणि त्या शेतकऱ्याच्या घरी त्या वर्षी बियाणे कमी पडले असेल तर ते आता कोणालाही परत देता येणार नव्हते.

थोडे गणित करू. जक्कयाची मालमत्ता 1,000 दीनार धरा. अर्धे, म्हणजे 500, गरिबांना गेले. उरलेल्या 500 मधून चौपट द्यायचे, तर लुबाडलेली मूळ रक्कम 125 पेक्षा जास्त असून चालणार नाही. एकूण मालमत्तेच्या आठव्या हिश्शाहून अधिक लबाडीचे निघाले की वचन पुरे होणे अशक्य, आणि अगदी आठवा हिस्सा निघाला तर त्याच्यापाशी एकही दीनार उरत नाही. त्याचे बोलणे भावनेच्या भरातले होते की हिशेबी माणसाचे? वसुलीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे गणित उभ्या उभ्या येत असणार. काही भाष्यकार म्हणतात की तो आधीपासूनच असा वागत होता आणि लोकांच्या कुजबुजीला उत्तर देत होता. मला ते पटत नाही. या घराला आज तारण लाभले आणि हरवलेले शोधायला मी आलो, असे येशू शेवटी म्हणतो. जे आधीच ठीक होते, त्याबद्दल असे बोलण्याचे कारण नव्हते.

दोन्ही रकमांतला फरकही लक्षात घेण्यासारखा आहे. गरिबांना दिलेले अर्धे हे दान आहे. चौपट हे दान नाही, ते देणे आहे. आपल्याकडे हे दोन्ही एकत्र मिसळतात. लुबाडलेल्या पैशातून देवळाला किंवा चर्चला देणगी दिली की मन हलके होते, पण ज्याचे घेतले त्याचा खिसा रिकामाच राहतो. लेवीयच्या नियमात वेदी नंतर येते आणि शेजारी आधी, ते यासाठीच.

खरी अडचण पुढे आहे. नाक्यावरून गेलेल्या हजारो अनोळखी माणसांना शोधायचे कुठे? यहुदी धर्मगुरूंनी या प्रश्नावर नेमका विचार केला होता आणि त्यात जकातदारांचा नावानिशी उल्लेख आहे. मेंढपाळ, वसुलीदार आणि जकातदार यांना पश्चात्ताप अवघड जातो, असे ते म्हणतात. मेंढपाळ त्या यादीत आला, कारण त्याची जनावरे कोणाकोणाच्या शेतात चरली, हे त्यालाही माहीत नसते. त्यांनी सुचवलेला मार्ग असा: जे ओळखू येतात त्यांचे त्यांना परत करावे आणि उरलेल्या पैशातून विहिरी, पाण्याची टाकी यांसारखी सर्वांच्या उपयोगाची कामे करावीत. यात शहाणपण आहे. वाटसरू पुन्हा त्याच रस्त्याने गेला तर निदान आपल्याच पैशाचे पाणी पिईल. पण ही सोय ओळखीच्या माणसांचे देणे फिटल्यानंतरची आहे. त्यांना टाळण्याची ती पळवाट नाही.

या विषयावरचा उपदेश काय करू शकतो, याची एक नोंद इंग्लंडात आहे. ह्यू लॅटिमर हे सहाव्या एडवर्ड राजाच्या दरबारात उपवासकाळात उपदेश करत. पहिल्या वर्षी त्यांनी परतफेड हा विषय घेतला, तेव्हा दरबाऱ्यांनी कुरकुर केली: यांना दुसरा विषय सापडला नाही का? पण ऐकणाऱ्यांपैकी एक जण त्यांच्याकडे आला आणि राजाच्या पैशात आपल्या हातून अफरातफर झाल्याचे त्याने कबूल केले. त्या वर्षी राजाच्या खजिन्यासाठी 20 पौंड आले. पुढच्या वर्षी 320 आले. तिसऱ्या वर्षी, 1550 मध्ये, 180 पौंड 10 शिलिंग आले आणि ते आजच राजाच्या मंत्रिमंडळाकडे भरले, असे लॅटिमरनी व्यासपीठावरून सांगितले. एकूण 520 पौंड 10 शिलिंग. त्या माणसाचे नाव मात्र लोकांनी विचारूनही त्यांनी सांगितले नाही.

तो माणूस जॉन ब्रॅडफर्ड असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बुलोन येथील इंग्रज सैन्याच्या पैशाचा कारभार सर जॉन हॅरिंग्टन यांच्याकडे होता आणि ब्रॅडफर्ड त्यांच्या हाताखाली हिशेबाचे काम करी. ब्रॅडफर्डचे मित्र टॉमस सॅम्पसन यांनी लिहून ठेवले आहे की लॅटिमरचा परतफेडीवरचा उपदेश ऐकल्यावर, मालकाला न कळता ओढलेला लेखणीचा एक फटकारा त्याच्या मनाला टोचू लागला आणि फेड होईपर्यंत त्याला चैन पडले नाही. त्यासाठी त्याने स्वतःची वडिलोपार्जित मिळकत सोडली. पैसे तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने आले, ते का, हे यावरून समजते. कबुली एका दुपारची असते. रक्कम उभी करायला जमीन, दागिने, भविष्य हे सगळे मोडावे लागते. यातला मधला माणूसही महत्त्वाचा आहे. देणारा उघडा पडला असता तर पहिल्या 20 पौंडांनंतर कदाचित पुढचे आलेच नसते. लॅटिमरनी नाव झाकले, रक्कम उघड केली.

जक्कयाच्या बाबतीत लूक पुढचे काही सांगत नाही. लेवी नाका सोडून येशूमागे गेला, पण जक्कयाला धंदा सोडायला कोणी सांगितले असे कुठेही नाही. त्याआधी बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांनाही योहानाने नोकरी सोडा असे म्हटले नव्हते. ठरवून दिले असेल त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच त्याने सांगितले. म्हणजे दुसऱ्या दिवशी जक्कय नाक्यावर गेला असेल, तर हाताखालच्या वसुलीदारांना त्याला काहीतरी सांगावे लागले असेल. तोवर त्यांचीही कमाई त्याच जादा वसुलीवर चालत होती. मुख्य माणूस ठरलेलाच दर घेऊ लागला की खालच्यांचा हिस्सा बुडतो आणि मक्त्याची रक्कम तर तेवढीच भरायची असते. चौपट फेडणे एकदा होऊन जाते. ठरलेल्या दराने वसूल करून मक्ता भरणे त्याला दर मोसमात नव्याने करावे लागले असेल.