एका प्याद्याची आघाडी आणि अडवलेला राजा

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना एकेक राजा आणि एकेक हत्ती उरला आहे, आणि एका बाजूकडे त्याशिवाय एक प्यादं आहे. नवख्या खेळाडूला वाटतं, आता ते प्यादं पुढे सरकवत न्यायचं, वजीर करायचा आणि डाव आवरायचा. प्रत्यक्षात असे कितीतरी डाव बरोबरीत सुटतात. कोणाचं प्यादं किती पुढे आहे यापेक्षा बचाव करणाऱ्याचा राजा कुठे आहे, हा प्रश्न इथे मोठा असतो. तो राजा प्याद्याच्या वाटेत येऊन उभा राहिला, तर जास्तीचं प्यादं असूनही जिंकणं कठीण होतं. तो बाजूला अडकून पडला, तर जिंकण्याची एक ठरलेली रीत आहे, आणि ती घोकून नव्हे तर समजून घेतली की सहसा विसरत नाही.

आधी बरोबरीची बाजू पाहावी, म्हणजे राजा अडवण्याची किंमत कळते. पांढऱ्याचं प्यादं पाचव्या ओळीत पोहोचलं आहे आणि काळा राजा त्याच्याच समोर शेवटच्या ओळीत बसला आहे, असं समजू. काळा आपला हत्ती सहाव्या ओळीत ठेवतो, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे शिरता येत नाही. राजाला आडोसा मिळावा म्हणून पांढऱ्याने प्यादं सहाव्या ओळीत ढकललं की काळा हत्ती लगेच पहिल्या ओळीत जातो आणि मागून शह देत राहतो. प्यादं पुढे गेल्यामुळे पांढऱ्या राजाला आता त्याच्यासमोर लपायला जागा नसते. अठराव्या शतकातले फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांच्या नावाने हा बचाव ओळखला जातो. म्हणून पांढऱ्याचं पहिलं काम म्हणजे काळ्या राजाला प्याद्यासमोर येऊच न देणं.

हे काम हत्ती करतो. पट पांढऱ्याच्या बाजूने पाहिला तर उभ्या पट्ट्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशा, आणि आडव्या ओळी खालून १ ते ८. पांढऱ्याचं प्यादं जी पट्टीत आहे आणि काळा राजा ई पट्टीत आहे. पांढरा हत्ती एफ-१ वर ठेवला की एफ पट्टीतलं प्रत्येक घर त्याच्या माऱ्यात येतं. काळ्या राजाला ती पट्टी ओलांडता येत नाही, कारण तिथे पाय ठेवला की शहात जाणं होईल. हत्ती जागचा हलत नाही, काही घेत नाही, शहही देत नाही. तरी अर्धा डाव तिथेच ठरलेला असतो. अशा वेळी हत्तीला उगाच शह देत पटावर फिरवणं ही सर्वात सामान्य चूक आहे. शह दिला की राजा हलतो, आणि तो बहुधा नेमका हवा त्याच बाजूला हलतो.

समजा पांढरा राजा जी-६ वर, प्यादं जी-५ वर आणि हत्ती एफ-१ वर आहे. काळा राजा ई-७ वर आणि त्याचा हत्ती एच-२ वर आहे. चाल पांढऱ्याची. राजा जी-७ वर जातो. काळा हत्ती जी-२ वर येऊन प्याद्यावर नेम धरतो, तर प्यादं जी-६ वर सरकून राजाच्या आधाराला येतं. हत्ती पुन्हा एच-२ वर जातो, राजा जी-८ वर चढतो. हत्ती जी-२ वर, तर प्यादं जी-७ वर. हत्ती परत एच-२ वर. एवढ्या वेळात काळ्या राजाला प्याद्याजवळ यायचा रस्ता मिळालेला नाही, कारण एफ-१ वरच्या हत्तीने पहारा सोडलेला नाही.

आता जी मांडणी तयार झाली, तिला लुसेनाची स्थिती म्हणतात. राजा जी-८ वर, म्हणजे वजीर होण्याच्या घरातच, आणि प्यादं त्याच्या मागे जी-७ वर. आणखी एक पाऊल पडलं की वजीर, पण वाटेत स्वतःचाच राजा उभा आहे. त्याने बाहेर यायचं म्हटलं तर काळा हत्ती एच पट्टीत आहे, त्यामुळे एच-७ वर जाता येत नाही. दुसरीकडे एफ-७ आणि एफ-८ वर काळ्या राजाचा पहारा आहे. हत्तीने एच पट्टी सोडली तर राजा एच-७ वरून निघून जाईल, म्हणून काळा ती पट्टी सोडणार नाही.

पहिलं पाऊल म्हणजे हत्तीने ई-१ वरून शह देणं. एवढा वेळ शह टाळला, मग आता का? कारण आता काळा राजा चुकीच्या बाजूला गेला तर तिथेच डाव संपतो. तो एफ-६ वर आला तर पांढरा राजा एफ-८ वर सरकतो आणि प्यादं वजीर होतं. काळा हत्ती त्याला टिपेल, पण पांढऱ्याकडे हत्ती शिल्लक राहील आणि काळ्याकडे काहीच नाही. म्हणून काळ्या राजाला डी-७ वर जावं लागतं, आणि एफ-७ चं घर मोकळं होतं.

इथे घाईचा मोह होतो. राजा लगेच एफ-७ वर आणला तर काळा हत्ती एफ-२ वरून शह देतो. राजा जी-६ वर, शह जी-२ वरून. राजा एफ-६ वर, शह एफ-२ वरून. राजाने ई-५ वर जायचं धाडस केलं तर काळा हत्ती जी-२ वर येऊन जी-७ वरच्या प्याद्यावर नेम धरतो आणि राजाला ते राखायला परत फिरावं लागतं. जी-५ वर गेला तर तिथेही शह, आणि आणखी दूर पळाला तर जी-७ वरचं प्यादं जातं. काळ्याने मागून शह देण्याचा धागा सोडला नाही तर या मार्गाने काहीच हाती लागत नाही.

खरी चाल आहे हत्ती ई-१ वरून ई-४ वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चाल निरर्थक वाटते, कारण ती कोणाला धमकावत नाही. तिचा अर्थ पुढच्या पाच-सहा चालींत उलगडतो. काळा हत्ती एच-१ वर जाऊन वाट पाहतो. राजा एफ-७ वर येतो. शह एफ-१ वरून, राजा जी-६ वर. शह जी-१ वरून, राजा एफ-६ वर. पुन्हा शह एफ-१ वरून, आणि आता राजा जी-५ वर उतरतो. काळा जी-१ वरून शह देतो, आणि पांढरा हत्ती ई-४ वरून जी-४ वर सरकून दोघांच्या मध्ये उभा राहतो. शह थांबले. काळ्याने हत्ती घेतला तर राजा तो परत घेतो, आणि डी-७ वरचा काळा राजा जी-७ वरचं प्यादं अडवायला पोहोचू शकत नाही. नाही घेतला तर पुढच्याच चालीला वजीर. या युक्तीला 'पूल बांधणं' हे नाव निम्झोविच यांनी रूढ केलं. त्यांचं 'माय सिस्टिम' हे पुस्तक १९२५ सालचं.

हत्ती चौथ्याच ओळीत का ठेवायचा, हे समजलं तर चालींची यादी लक्षात ठेवायची गरज उरत नाही. तो तिसऱ्या ओळीत, ई-३ वर ठेवला असता तर शेवटी त्याला जी-३ वर येऊन मध्ये उभं राहावं लागलं असतं. राजा जी-५ वर असताना जी-३ वरच्या हत्तीला त्याचा आधार नसतो. काळा तो फुकट घेईल, वर शहही देईल, आणि पुढे प्यादंही टिपेल. हत्ती पाचव्या ओळीत, ई-५ वर ठेवला असता तर काळा राजा डी-६ वर येऊन त्याच्यावर हल्ला करेल आणि पांढऱ्याची एक चाल वाया जाईल. चौथी ओळ दोन्ही अडचणी टाळते.

काळा शह देण्याऐवजी मध्येच राजा डी-६ वर आणून पुलाच्या हत्तीजवळ यायला पाहतो, हेही शक्य आहे. समजा पांढरा राजा एफ-६ वर असताना त्याने तसं केलं. तेव्हा हत्ती ई-६ वरून शह देतो. तिथे राजाचा आधार आहे. काळा राजा कुठेही गेला तरी हत्ती ई-५ वर येतो आणि तिथून जी-५ वर. पूल एक घर वर बांधला जातो, इतकाच फरक.

या स्थितीच्या नावाची गंमत अशी की स्पेनच्या लुसेना यांच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती नाही. ती इटलीच्या साल्व्हिओ यांच्या १६३४ सालच्या पुस्तकात सापडते. तरी बुद्धिबळाच्या जगात नाव लुसेनाचंच चिकटलं.

वरच्या उदाहरणात प्यादं पुढे होतं, म्हणून काळा राजा एका पट्टीने अडवला तरी पुरेसं झालं. प्यादं मागे असेल तर राजाला अधिक दूर अडवावं लागतं. याचा अंदाज फ्रेंच अभ्यासक आंद्रे शेरों यांच्या नियमाने येतो. प्यादं कितव्या ओळीत आहे तो आकडा, आणि प्याद्याच्या व काळ्या राजाच्या मध्ये किती पट्ट्या आहेत तो आकडा, यांची बेरीज पाचपेक्षा जास्त झाली तर सहसा जिंकता येतं. प्यादं ई-४ वर, पांढरा हत्ती डी पट्टीत आणि काळा राजा सी पट्टीत असेल, तर बेरीज चार अधिक एक, म्हणजे पाच. चांगला बचाव झाला तर बरोबरी. हत्ती सी पट्टीत आणि राजा बी पट्टीत असेल तर बेरीज सहा, आणि पांढरा जिंकतो. कारण असं की प्यादं मागे असताना काळा आपला हत्ती त्याच्या समोर शेवटच्या ओळीत ठेवून पांढऱ्या राजाला लांबून शह देऊ शकतो. राजा पुढे सरकून या शहांतून निसटेपर्यंत काळ्या राजाला पोहोचायला वेळ मिळता कामा नये. हा नियम सी ते एफ पट्ट्यांतल्या प्याद्यांसाठी आहे आणि तो अंदाजच आहे. काळ्याचे हत्ती-राजा वाईट जागी असतील तर बेरीज पाच असूनही डाव जिंकता येतो.

काठावरच्या, म्हणजे ए आणि एच पट्टीतल्या प्याद्याला मात्र पुलाचं तंत्र तसंच लागू होत नाही. राजा एच-८ वर, प्यादं एच-७ वर, आणि काळा हत्ती जी पट्टीत आहे, असं समजू. राजाला बाहेर पडायला एकच बाजू आहे आणि तीच बंद आहे. काळ्या हत्तीला हुसकावायला पांढऱ्या हत्तीला आधी एफ-८ वर आणि तिथून जी-८ वर यावं लागतं. काळा राजा डी-७ वर असेल तर पांढरा हत्ती एफ पट्टीत येताच तो ई-७ वर जातो आणि एफ-८ चं घर बंद करतो. डाव बरोबरीत सुटतो. तोच राजा सी-७ वर असेल तर त्याला तिथे पोहोचायला एक चाल कमी पडते, हत्ती वेळेत जी-८ गाठतो आणि पांढरा जिंकतो. म्हणजे काठाच्या प्याद्यासाठी काळा राजा प्याद्यापासून निदान चार पट्ट्या मध्ये सोडून अडवलेला हवा.