वेबसाइट उघडतात, मग मेल का अडतो?

नाशिकमधलं एखादं छोटं कर सल्लागाराचं कार्यालय डोळ्यांपुढे आणा. जुलै महिना, विवरणपत्रांची घाई, आणि त्यातच ब्रॉडबँडची कंपनी बदललेली. नवी लाइन चांगली वेगवान. आयकराचं पोर्टल उघडतं, बँकेची साइट चालते, व्हिडिओही अडखळत नाहीत. नवे मेल येतात. पण थंडरबर्डमधून क्लायंटला पाठवलेला प्रत्येक मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो. ब्रॉडबँडवाला म्हणतो, ‘साइट उघडतात ना? मग नेट चालू आहे.’ मेलसेवा देणारा म्हणतो, ‘आमचा सर्व्हर चालू आहे.’ दोघंही खरं बोलतात आणि काम तरी अडलेलंच.

असं होतं, कारण इंटरनेट चालू असणं म्हणजे सगळ्या वाटा मोकळ्या असणं नव्हे. पोस्टात तिकिटांची खिडकी वेगळी आणि बचत खात्याची वेगळी, तसे सर्व्हरवर वेगवेगळ्या कामांसाठी क्रमांक दिलेले असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. आजच्या जवळजवळ सगळ्या वेबसाइट ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून येतात, जुन्या पद्धतीच्या काही ८० वरून. मेलचं अ‍ॅप मात्र आलेला मेल आणायला बहुधा ९९३ वर जातं आणि पाठवायला ५८७, ४६५ किंवा २५ वर. नेटवर्क चालवणाऱ्याने यातला एखादाच क्रमांक बंद केला तरी बाकीचं सगळं सुरळीत चालतं. म्हणून ‘साइट उघडतात’ यावरून ४४३ मोकळा आहे एवढंच सिद्ध होतं.

आपल्या कार्यालयात मेल येतात पण जात नाहीत, म्हणजे संशय पाठवण्याच्या पोर्टवर. सेटिंग उघडून पाहिलं तर तिथे २५ लिहिलेलं असतं, कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी भरून ठेवलेलं. जुन्या कंपनीच्या लाइनवर ते चाललं, नव्या कंपनीने २५ बंद ठेवला आहे.

हे बंद ठेवणं आडमुठेपणाचं नाही. मेल पाठवण्याची जी पद्धत आजही वापरात आहे, तिचा मसुदा १९८२ मध्ये आला. तेव्हा २५ वर येणाऱ्याला पासवर्ड विचारण्याची सोयच नव्हती. पुढे घराघरांतल्या संगणकांमध्ये व्हायरस शिरले आणि मालकाच्या नकळत हे संगणक २५ वरून थेट जगभरच्या सर्व्हरकडे फसवे मेल ओतू लागले. यावर उपाय म्हणून दोन कामं वेगळी ठेवण्यावर भर दिला गेला. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल द्यायचा तो २५ वर, आणि माणसाने आपल्या अ‍ॅपमधून आपल्याच सर्व्हरला द्यायचा तो ५८७ वर, नाव आणि पासवर्ड सांगून. ५८७ ची ही व्यवस्था १९९८ पासून आहे. घरगुती ग्राहकाला २५ ची गरज उरत नाही, म्हणून अनेक ब्रॉडबँड कंपन्या तो बाहेरच्या दिशेने बंद करतात. मला हा निर्णय योग्य वाटतो. फक्त तो ग्राहकाला आधी सांगायला हवा.

संशयाची खात्री करायला तंत्रज्ञ लागत नाही. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, मात्र आधी मोबाइलचं वाय-फाय बंद करा, नाहीतर काही फोन तीच लाइन पुढे देतात. संगणकावर व्हीपीएन असेल तर तेही बंद ठेवा. मग तोच मेल पाठवा. गेला, तर अ‍ॅप, पासवर्ड आणि मेलसेवा ठीक आहेत आणि अडसर कार्यालयाच्या लाइनवर आहे. नाही गेला, तरी लाइन निर्दोष ठरत नाही, कारण मोबाइल कंपनीही २५ बंद ठेवू शकते. म्हणून पुढची चाचणी करावीच. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून आपल्या मेल सर्व्हरचं नाव घालायचं:

```
Test-NetConnection mail.example.com -Port 25
Test-NetConnection mail.example.com -Port 587
```

उत्तरात `TcpTestSucceeded` ही ओळ पाहायची. आपल्या कार्यालयात २५ साठी बराच वेळ थांबून `False` येतं आणि ५८७ साठी लगेच `True`. वरती पिंग अयशस्वी झाल्याचं दिसलं तर त्याकडे लक्ष देऊ नका. बरेच सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. दोन्ही पोर्टना `True` आलं आणि तरी मेल अडला, तर शोध आपल्या सेटिंगमध्ये किंवा मेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसमध्ये घ्यायचा.

दुरुस्ती दोन मिनिटांची. थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंगमध्ये, बाहेर जाणाऱ्या सर्व्हरच्या पानावर पोर्ट ५८७ करायचा, सुरक्षेत `STARTTLS` निवडायचं आणि ओळख पटवण्याचा पर्याय चालू ठेवायचा. वापरकर्त्याचं नाव म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो. मेलसेवा ४६५ सुचवत असेल तर तिथे `SSL/TLS` निवडायचं. पोर्ट एकाचा आणि सुरक्षा दुसऱ्याची घातली की पोर्ट मोकळा असूनही मेल अडतो.

घाईत एक गोष्ट मात्र करू नका: खातं काढून पुन्हा जोडणं. खातं पॉप पद्धतीचं असेल तर जुने मेल बहुधा सर्व्हरवर नसतात, फक्त त्या संगणकावर असतात. खात्याबरोबर तेही पुसले गेले तर परत मिळत नाहीत.

अडचणीचा प्रकार अ‍ॅपच्या संदेशावरूनही कळतो. मिनिटभर वाट पाहून ‘वेळ संपली’ असं आलं, तर वाटेतली फायरवॉल बहुधा मागणी गिळून टाकते आहे. ‘पासवर्ड चुकीचा’ असं आलं, तर पोर्ट बंद नाही, कारण तुमची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि त्याने उत्तर दिलं. प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नसल्याचा इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. मधलं नेटवर्क तुमचा मेल दुसऱ्याच सर्व्हरकडे वळवत असण्याची शक्यता असते.

येणं आणि जाणं दोन्ही थांबलं असेल तर चित्र वेगळं. काही महाविद्यालयांत, कंपन्यांत आणि हॉटेलांत फायरवॉल फक्त ८० आणि ४४३ सोडते. हॉटेलात आधी ब्राउझरमधलं लॉगिनचं पान भरलं आहे ना, ते पाहावं. अशा ठिकाणी एक गोष्ट गोंधळात टाकते: त्याच वाय-फायवर फोनमधलं जीमेल अ‍ॅप व्यवस्थित चालतं. कारण ते जीमेलच्या खात्यासाठी वेबचाच ४४३ वापरतं, तर थंडरबर्ड तेच खातं ९९३ वरून उघडू पाहतं. म्हणून तात्पुरता मार्ग म्हणजे ब्राउझरमधून मेल पाहणं. स्वतःच्या कंपनीत व्हीपीएनने आडवाट काढू नये. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ते पोर्ट मुद्दाम बंद केलेले असू शकतात आणि नियम मोडल्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जाताना ‘मेल चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तोही आधी एखादी साइट उघडून पाहील. त्याऐवजी सर्व्हरचं नाव, बंद दिसलेले पोर्ट, चाचणीची वेळ आणि हॉटस्पॉटवर काय झालं ते लिहून द्यावं आणि फक्त त्या सर्व्हरसाठी ९९३ व ५८७ उघडण्याची विनंती करावी. एवढी नेमकी मागणी असली की त्याला संपूर्ण फायरवॉल सैल करावी लागत नाही.