फ्लॅट राहायचा, पाहुणे एका रात्रीचे

पुण्याच्या कोथरूडमधली चार मजली सोसायटी डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वीस वर्षं ब्लाउज शिवतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक नोकरीसाठी बंगळुरूला गेले. त्यांनी तो फ्लॅट मोबाइलवरच्या एका ॲपवर टाकला आहे आणि शुक्रवार-शनिवारी तिथे नवनवे लोक मुक्कामाला येतात. जिन्याच्या ग्रिलला आकड्यांच्या कुलपाची एक छोटी डबी लटकते. आकडे जुळवले की किल्ली मिळते, त्यामुळे मालकाला यायची गरजच पडत नाही. सर्वसाधारण सभेत वाद पेटतो आणि समिती दोघांनाही एकच नोटीस धाडते : ‘निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर त्वरित बंद करावा.’

प्रसंग रचलेला आहे, पण अशी नोटीस कितीतरी सोसायट्यांमध्ये निघते आणि ती निम्मी चुकीची असते. काकू आणि चौथा मजला यांना कायदा एका मापाने मोजत नाही.

सुरुवात करायची ती भोगवटा प्रमाणपत्रापासून. महापालिकेने नकाशा मंजूर करताना इमारतीचा वापर ‘निवासी’ असा ठरवलेला असतो आणि बिल्डरशी झालेल्या करारनाम्यातही तेच लिहिलेलं असतं. समिती बोट ठेवते ते याच शब्दावर. मात्र निवासी वापरात काय काय बसतं, हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबईसाठी ‘२०३४’च्या विकास आराखड्याची नियमावली आहे आणि राज्याच्या बहुतेक भागासाठी २०२० सालची एकत्रित नियमावली. घरच्या माणसांनी घरात परंपरेने करायचे उद्योग निवासी विभागात चालतात, ही तरतूद अशा नियमावल्यांमध्ये जुनी आहे. शिवणकाम आणि भरतकाम ही त्यातली ठरलेली उदाहरणं. अटी मुख्यतः दोन : काम घरातल्याच माणसांनी करायचं, पगारी कामगार ठेवायचे नाहीत, आणि मोटर वापरलीच तर एकूण भार एक अश्वशक्तीच्या, म्हणजे पाऊण किलोवॅटच्या आत ठेवायचा.

या दोन अटींमागचा विचार मला पटतो. घरच्या माणसाच्या हातून होणाऱ्या कामाला आपोआपच मर्यादा पडते. बाहेरचा कारागीर आला की त्याची ये-जा, त्याच्या कामाचे तास आणि मालाचे गठ्ठे येतात. एक अश्वशक्तीपलीकडे गेलं की आवाज आणि कंप भिंतीपलीकडे पोचतो. म्हणजे काकू स्वतः किंवा त्यांची सून शिवत असेल तोवर त्या नियमात आहेत. उद्या त्यांनी हॉलमध्ये चार मशीन मांडून तीन मुली पगारावर ठेवल्या, तर ब्लाउज तेच असले तरी फ्लॅटचा कारखाना झाला. वकील, सीए, डॉक्टर यांनाही राहत्या घरात मर्यादित जागेत कार्यालय किंवा दवाखाना चालवता येतो. पण डॉक्टरने रुग्ण तपासून घरी पाठवायचा, खाट टाकून दाखल करायचा नाही, आणि व्यवसाय करणारा तिथला रहिवासी हवा.

घरगुती व्यवसाय करणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत गुमास्त्याच्या कागदाबाबत होते. २०१७च्या कायद्यानुसार थोडेच कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी करावी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती मिळाली की अनेकजण ती भिंतीवर लावतात आणि समितीला दाखवतात. पण ती पावती म्हणजे व्यवसाय सुरू केल्याची वर्दी. जागेच्या वापराची परवानगी ती देत नाही. डबे किंवा केक करून विकणाऱ्यांच्या अन्नसुरक्षा नोंदणीचंही तसंच आहे. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते ती गॅसची. घरगुती लाल सिलिंडरवर विक्रीचा स्वयंपाक करायला मनाई आहे, आणि १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर फ्लॅटच्या बाल्कनीत ओळीने उभे राहिले की शेजाऱ्यांनी आगीची काळजी करणं अगदी योग्य आहे.

विजेचं बिल मात्र बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा उदार असतं. महावितरणच्या दरपत्रकात, घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या वर्षात ३६०० युनिटच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. काकूंची मशीन त्यात आरामात बसते. मर्यादा ओलांडूनही घरगुती दरानेच बिल भरत राहिलात, तर वीज कायद्याचं कलम १२६ लागू होऊ शकतं आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. म्हणून वर्षअखेरीस बारा बिलांमधल्या युनिटची बेरीज करून पाहावी.

आता चौथा मजला. इथे अडचणीचं मूळ व्यवसायात नाही, मालक तिथे राहत नाही यात आहे.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनी फ्लॅट दुसऱ्याला देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ही सगळी रचना अकरा महिने राहणाऱ्या माणसासाठी आहे. शुक्रवारी दुपारी बुकिंग करून रात्री नऊला बॅगा घेऊन येणाऱ्या आणि रविवारी निघून जाणाऱ्या चौघांसाठी आठ दिवसांची पूर्वसूचना कोण देणार, आणि करार कधी नोंदवणार?

त्यावर मालक म्हणतात, ‘ते भाडेकरू नाहीतच, पाहुणे आहेत.’ हा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. रोजच्या दराने खोली, चादरी-टॉवेल आणि साफसफाई द्यायची म्हणजे तो लॉजिंगचा वापर झाला. त्याला महापालिकेची वेगळी परवानगी हवी आणि तशा वापराचे निकष फ्लॅटच्या इमारतीचे नसतात. भाडेकरू म्हटलं तर उपविधी मोडतात, पाहुणे म्हटलं तर मंजूर वापर मोडतो.

‘होमस्टे म्हणून नोंदवू’ ही पुढची सूचना हमखास येते. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा अशी मर्यादा आहे. त्याआधीची अट महत्त्वाची : मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं. बंगळुरूहून किल्लीचा आकडा पाठवणारा मालक या चौकटीत येतच नाही. तोच मालक इथे राहून मागची एक खोली पर्यटकांना देत असता, तर सोसायटीला त्याचा वेगळा विचार करता आला असता. दार उघडायला, रात्री आवाज वाढला तर दटावायला आणि परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत भरायला घरात माणूस असता.

पैशाचं गणितही मांडू. समजा, या फ्लॅटचं सेवाशुल्क महिन्याला २,८०० रुपये आहे. मालक राहत नसल्यामुळे सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते. पण १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाप्रमाणे ते महापालिकेचे कर वगळून उरलेल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे २८० रुपये. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली माँट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात ही मर्यादा कायम ठेवली. चिडलेल्या सभेत ‘रात्रीमागे पाचशे रुपये घ्या’ असे ठराव होतात, ते टिकत नाहीत. आणि ते टिकले असते तर सोसायटीचंच नुकसान झालं असतं, कारण ज्या वापराला तिचा विरोध आहे त्याचेच पैसे तिने वसूल केले असते. मालकाला मोठा फटका दुसरीकडे बसतो. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. तो राहत नसल्याचं नोंदलं गेलं की ती जाते.

समितीने पाणी तोडू नये, लिफ्ट बंद करू नये, पाहुण्यांना फाटकात अडवून तमाशा करू नये. उपविधी तसा अधिकार देत नाहीत, आणि असं केलं की बाजू बरोबर असूनही सोसायटीच प्रतिवादी होते. पुरावा बहुधा तिच्या हातात आधीच असतो : सुरक्षारक्षकाच्या वहीतली पानं. एकाच फ्लॅटपुढे दर शुक्रवारी नवी नावं, नव्या गाड्यांचे नंबर, आणि रविवारी दुपारी साफसफाईवाल्या बाईंची नोंद. तीन महिन्यांच्या पानांच्या प्रती आणि ॲपवरच्या जाहिरातीची तारखेसह छापील प्रत जोडून कारणे दाखवा नोटीस द्यावी. उत्तर आलं नाही तर महापालिकेकडे वापरबदलाची तक्रार आणि सहकार न्यायालयात दावा हा मार्ग आहे. तो संथ आहे, पण टिकतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासायला हवी. पुण्यातल्या पुष्कळ इमारती सहकारी सोसायट्या नसून १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असोसिएशन आहेत. तिथे इमारतीचं घोषणापत्र पाहायचं. प्रत्येक अपार्टमेंट कशासाठी वापरायचं हे त्यात लिहिलेलं असतं.

गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२पासून आहे, आणि पैसे घेऊन पर्यटक ठेवणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. कळंगुट किंवा पणजीत फ्लॅट घेतलेल्या मराठी कुटुंबांना तेवढी एक स्पष्ट वाट आहे. पण खात्याची नोंदणी सोसायटीचे नियम पुसून टाकत नाही.

कोथरूडच्या त्या सोसायटीने काकूंची नोटीस मागे घ्यावी आणि त्यांच्याकडून एक साधा अर्ज घ्यावा : काम घरचीच माणसं करतात, मशीन एक, पाटी लावलेली नाही, ग्राहक सकाळी दहा ते संध्याकाळी सात. अध्यक्षांनी जिन्यात भेटून ‘काकू, दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवाल का? खालच्या आजोबांची झोप होते’ एवढं विचारलं, तर बहुतेक वाद तिथेच संपतो. चौथ्या मजल्याला नोटिशीबरोबर अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराचा पर्याय लेखी द्यावा. आणि एका रात्रीच्या मुक्कामांना सरसकट बंदी हवी असेल, तर नुसता सभेचा ठराव पुरत नाही. उपविधीत तशी दुरुस्ती करून ती मंजुरीसाठी उपनिबंधकांकडे पाठवावी लागते. ती मंजूर होऊन नोंदली जाईपर्यंत आहेत त्याच उपविधींवर बोट ठेवून बोलायचं.