किहीमला ज्येष्ठ पाहुण्यांना बोलावताय? निमंत्रणपत्रात बोटीची वेळही लिहा

'आपण प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहावे, ही विनंती.' बहुतेक निमंत्रणपत्रं या एका वाक्यावर संपतात. पण पाहुणे पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील आणि मुंबईहून किहीमला येणार असतील, तर त्यांचे खरे प्रश्न इथूनच सुरू होतात. मला नेमकं काय करायचंय? किती वेळ बसायचंय? बोटीत चढायला हात द्यायला कुणी असेल का? रात्रीपर्यंत घरी पोहोचेन का?

हे प्रश्न ज्येष्ठ माणसं सहसा विचारत नाहीत. संकोचानं 'हो' म्हणतात आणि त्रास सोसतात, किंवा 'तब्येत बरी नाही' असं कळवतात. म्हणून उत्तरं पत्रातच हवीत.

एक उदाहरण घेऊ

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. किहीमचं या सप्ताहाशी जवळचं नातं आहे. १९३० मध्ये नोकरी नसताना सालिम अली इथे राहिले आणि त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचं बारकाईनं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते पसंत करते आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी इथेच टिपलं.

समजा, किहीममधल्या एका संस्थेला या सप्ताहात दादरला राहणाऱ्या ७८ वर्षांच्या निवृत्त वनाधिकाऱ्यांना बोलवायचं आहे. पत्र लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील.

१. भूमिका: अध्यक्ष की प्रमुख पाहुणे?

मोठा मान म्हणून ज्येष्ठांना अध्यक्षपद देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण अध्यक्ष सर्वांत शेवटी बोलतात, म्हणजे त्यांना पूर्ण कार्यक्रमभर व्यासपीठावर बसावं लागतं. उद्घाटक सुरुवातीला दीपप्रज्वलन करून थोडं बोलतात आणि लवकर मोकळे होऊ शकतात. प्रमुख पाहुण्यांचं भाषण अध्यक्षांच्या आधी होतं. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या माणसासाठी हा फरक तासाभराचा असू शकतो. आपल्या पाहुण्यांना आपण प्रमुख पाहुणे करू आणि अध्यक्षपद स्थानिक व्यक्तीकडे देऊ. व्यासपीठावर आणखी कोण असेल, तेही पत्रात लिहू.

भूमिका ठरली की समितीत एकमत करून मगच पत्र पाठवावं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला ९१ वर्षांच्या नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला बोलावण्यावरून विरोध झाला आणि अवघे काही दिवस उरलेले असताना ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. गावातला कार्यक्रम लहान असला, तरी मागे घेतलेलं पत्र तितकंच बोचतं.

२. प्रवास: कुठून, कोणत्या बोटीनं?

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीनं साधारण तासाभरात येता येतं. पण गेटवेला पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रो बोटीत गाडी थेट आत जाते, त्यामुळे ज्येष्ठांना ती सोयीची. मात्र तिच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि वारानुसार वेळा बदलतात. म्हणून आधी बोटीचं वेळापत्रक पाहा, मग कार्यक्रमाची वेळ छापा. पावसाळ्यात कार्यक्रम असेल, तर गेटवेच्या बोटी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

३. वेळ: उलटी मोजा

समजा, रो-रो सकाळी ८ वाजता आहे. धक्क्यावर पाऊण तास आधी पोहोचायचं, म्हणजे दादरहून साडेसहाला निघायला हवं. मांडव्याला उतरायला सव्वानऊ होतील. तिथून किहीम अर्धा तास, म्हणजे पावणेदहा. चहा, हातपाय धुणं आणि थोडी विश्रांती यांसाठी पाऊण तास ठेवला, तर कार्यक्रम साडेदहाला सुरू करता येईल. तो 'दहा वाजता' असा छापला, तर पाहुण्यांना गाडीतून थेट व्यासपीठावर जावं लागेल.

आता पत्र असं होईल:

> आदरणीय …… यांस,
> सा. न. वि. वि.
>
> पक्षी सप्ताहानिमित्त रविवार, दि. …… रोजी सकाळी १०.३० ते १२ या वेळेत किहीम येथे आमच्या संस्थेचा कार्यक्रम आहे. आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावे, अशी सर्वांची इच्छा आहे. श्री. …… अध्यक्षस्थानी असतील.
>
> आपण 'किनाऱ्यावरचे पक्षी' या विषयावर सुमारे २० मिनिटे बोलावे, ही विनंती. आपले भाषण ११ वाजता असेल. बसून बोलण्याची सोय आहे. श्रोत्यांत साठेक विद्यार्थी आणि ग्रामस्थ असतील.
>
> आमचे कार्यकर्ते श्री. …… सकाळी ६.३० वाजता गाडी घेऊन आपल्या घरी येतील. भाऊच्या धक्क्यावरून ८ च्या रो-रो बोटीने मांडव्याला यायचे आहे. परतीची बोट दुपारी ४ ची असून तेच आपल्याला घरापर्यंत सोडतील. आपल्यासोबत घरातील कुणी आल्यास आनंद होईल. प्रवासाची सर्व व्यवस्था आमच्याकडे आहे.
>
> कार्यक्रमानंतर जेवण आणि विश्रांतीसाठी तळमजल्यावर खोली ठेवली आहे. पथ्य असल्यास कृपया कळवावे. मानधन म्हणून रु. …… स्वीकारावेत.
>
> दि. …… पर्यंत आपला होकार कळावा. प्रवास किंवा वेळ गैरसोयीची वाटल्यास तसेही निःसंकोच कळवावे.
>
> कळावे, लोभ असावा, ही विनंती.
> आपला विनम्र,
> …… (सचिव), दूरध्वनी ……

'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. 'तीर्थरूप' मात्र इथे नको, ते आई-वडिलांसाठी. मानधनाचा आकडा लिहिणं उद्धटपणाचं नाही. तो लिहिला नाही, तर विचारायची वेळ पाहुण्यांवर येते. मानधन देणं जमणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहा.

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य 'निःसंकोच कळवावे' हे आहे. नकाराला जागा ठेवली, तर होकार मनापासून येतो.

पत्र पाठवल्यावर

आधी फोन करावा आणि महिनाभर आधी पत्र द्यावं. शक्य असेल तर घरी जाऊन हातात द्यावं आणि नंतर व्हॉट्सॲपवर त्याची प्रत पाठवावी, म्हणजे घरातल्यांनाही वेळा कळतात. 'बघू, जमवतो' हे उत्तर होकार समजू नका, आठवड्यानं पुन्हा विचारा.

आदल्या दिवशी बोट सुटणार आहे का, याची खात्री करा. फेरी रद्द झाली, तर वडखळ-पेणमार्गे रस्ता आहे. पण रविवारी अलिबाग-वडखळ रस्त्यावर कोंडी होते आणि प्रवास तीन तासांच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी पाहुण्यांना पहाटे चारला उठवण्यापेक्षा कार्यक्रम दुपारी घ्या, नाहीतर त्यांचं भाषण व्हिडिओ कॉलवर ठेवा. निर्णय मात्र त्यांना विचारून घ्या.

आणि कार्यक्रम लांबला तर? आधीच्या वक्त्यांचा वेळ कापा, पाहुण्यांचा नको. चारची बोट कार्यक्रमासाठी थांबणार नाही.