घळ नियंत्रणासाठी गटविकास कार्यालयाला पत्र : त्यात काय असावे?

डोंगरउतारावरच्या काजूबागेत पहिल्या वर्षी बोटभर रुंदीची ओघळ दिसते. चार पावसाळ्यांनंतर तिथेच माणूस उतरून उभा राहील एवढी घळ झालेली असते. तिच्यातून वाहिलेली माती खालच्या कुळागरात, तळीत किंवा भातशेतीत जाऊन बसते. मग ग्रामसभेत विषय निघतो, ठराव होतो आणि पंचायत गटविकास कार्यालयाला पत्र पाठवते. अनेकदा या पत्रात एवढाच मजकूर असतो : ‘अमुक वाड्यावरील नाल्याची धूप होत असून योग्य ती कार्यवाही व्हावी.’ असे पत्र फेटाळले जात नाही, मात्र त्याच्या आधारे अंदाजपत्रकही तयार करता येत नाही. त्यात जागा कळत नाही, जमीन कोणाची हे कळत नाही आणि कामाचे मोजमापही नसते. खुलासा मागवण्यात दोन-तीन महिने जातात. जूनचा पाऊस सुरू झाला की त्या वर्षीचे काम संपल्यातच जमा होते.

मृदा सर्वेक्षण झालेले असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. मात्र सर्वेक्षण आणि मृदा आरोग्य पत्रिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंचायतींच्या पत्रांत त्यांची गल्लत होऊ शकते. आरोग्य पत्रिकेत मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांची नोंद असते. खत किती द्यावे हे त्यावरून ठरते, पण घळ कुठे अडवावी हे त्यावरून समजत नाही. सर्वेक्षणात जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील मातीची खोली, पोत, उतार आणि धुपेची श्रेणी नोंदवलेली असते. धुपेच्या चार श्रेणी मानतात : ‘इ-१’ म्हणजे नगण्य किंवा किरकोळ, ‘इ-२’ मध्यम, ‘इ-३’ तीव्र आणि ‘इ-४’ अतितीव्र. उतारासाठी अक्षरे वापरतात. त्यांपैकी ‘ड’ हा वर्ग ५ ते १० टक्के उताराचा. पत्रासाठी अहवालातील एवढ्याच दोन नोंदी आणि मातीची खोली पुरेशी आहे. तीव्र धुपेच्या तुकड्यात माती अवघी हातभर खोल असेल, तर खाली लगेच जांभा लागतो. तिथे घळ खोल जाण्याऐवजी रुंदावत जाते आणि काठ ढासळतात. माती खोल असेल, तर घळीचा माथा दरवर्षी वर सरकतो. यावरूनच काम माथ्याशी सुरू करायचे की काठ सांभाळायचे, हे ठरते.

सर्वेक्षणाचा नकाशा मोठ्या क्षेत्राचा असतो. एकेक घळ त्यात दिसेलच असे नाही. म्हणून पत्रापूर्वी पंच, सचिव आणि त्या जमिनीचे मालक यांनी जागेवर जाऊन चार मापे घेणे आवश्यक ठरते : घळीची लांबी, सरासरी रुंदी व खोली, तळाचा उतार आणि घळीत पाणी आणणारे पाणलोट क्षेत्र. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि मोजपट्टी पुरते.

एक नमुना उदाहरण घेऊ. सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यातील एका वाड्यावर १५० मीटर लांबीची घळ आहे. वरची रुंदी सरासरी ३ मीटर, खोली १ मीटर. तिचा छेद त्रिकोणी धरला, तर वाहून गेलेली माती सुमारे २२५ घनमीटर भरते. नळीने मोजता घळीच्या वरच्या आणि खालच्या टोकांत ९ मीटरचा फरक आढळतो, म्हणजे तळाचा उतार ६ टक्के. वरचे पाणलोट क्षेत्र दीड हेक्टर आहे.

अशा घळीला अनघड दगडी बांध योग्य ठरतात. हे बांध साधारणपणे १ मीटरपेक्षा कमी उंचीचे आणि सिमेंटविना रचलेले असतात. येथे उंची ७५ सेंटीमीटर धरू. दोन बांधांतील अंतराचा नियम सोपा आहे : खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. त्यामुळे वरच्या बांधावरून पडणारे पाणी उघड्या उतारावर धावत नाही, खाली साचलेल्या गाळावर येऊन त्याचा जोर कमी होतो. ६ टक्के उतारावर ७५ सेंटीमीटर उतरायला साडेबारा मीटर लागतात. म्हणून बांध दर साडेबारा मीटरवर, एकूण १२. एवढा हिशेब पत्रात असला, की कनिष्ठ अभियंत्याला जागेवर फक्त पडताळणी करावी लागते.

दगडाचा अंदाजही याच रीतीने निघतो. बांधाची माथ्यावरची जाडी ४० सेंटीमीटर, पाण्याच्या वरच्या बाजूचा उतार एकास एक आणि खालच्या बाजूचा एकास दोन धरला, तर तळाची जाडी २.६५ मीटर येते. काठांत रोवलेला भाग धरून सरासरी लांबी ३ मीटर आणि पायाचा चर २५ सेंटीमीटर खोल घेतला, तर एका बांधाला सुमारे साडेपाच घनमीटर आणि बारा बांधांना सुमारे ६५ घनमीटर दगड लागतो. हा दगड जवळपास कुठे मिळेल, तेही पत्रात लिहावे. त्याच उतारावरचा रुतलेला दगड उपटून वापरला, तर त्या जागी नवी धूप सुरू होते. शेतातून काढून ठेवलेला किंवा खाणीवर पडून असलेला दगड अधिक चांगला.

या मापांच्या आधारे पत्राचा मसुदा पुढीलप्रमाणे होऊ शकतो. मोकळ्या जागी पंचायतीने आपला तपशील भरावा.

प्रति,
गटविकास अधिकारी,
गटविकास कार्यालय, ……

विषय : …… वाडा येथील घळीवर अनघड दगडी बांध घालण्याबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा ठराव क्र. ……, दि. ……
२) मृदा सर्वेक्षण अहवाल, दि. ……

महोदय,

या पंचायत क्षेत्रातील सर्व्हे क्र. …… मधील उतारावर १५० मीटर लांबीची घळ पडली आहे. संदर्भ २ मधील अहवालात हा तुकडा ‘ड’ उतारवर्गात व ‘इ-३’ म्हणजे तीव्र धुपेच्या श्रेणीत दाखविला आहे. घळीचा माथा गेल्या पावसाळ्यात …… मीटर वर सरकला असून खालच्या तळीत गाळ साचत आहे.

पंचायतीने दि. …… रोजी केलेल्या मोजणीनुसार तळाचा उतार ६ टक्के व पाणलोट क्षेत्र दीड हेक्टर आहे. त्यानुसार ७५ सेंटीमीटर उंचीचे १२ अनघड दगडी बांध प्रस्तावित आहेत. अंदाजे ६५ घनमीटर दगड लागेल, तो …… येथे उपलब्ध आहे.

ही जमीन वनक्षेत्रात येत नाही. जमीनमालकांचे ना हरकत दाखले जोडले आहेत. जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व काम मे अखेरपूर्वी पूर्ण होईल अशा बेताने मंजुरी द्यावी, ही विनंती.

सोबत : ठरावाची प्रत, अहवालातील संबंधित पान व नकाशा, नमुना एक-चौदा, ना हरकत दाखले, घळीचे हातनकाशे व छायाचित्रे.

सरपंच / सचिव
प्रत : विभागीय कृषी अधिकारी, ……

या मसुद्यातील जमिनीविषयीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. गोव्यात एकाच डोंगराच्या उतारावर खासगी, कोमुनिदादची आणि वनखात्याची जमीन लागून असू शकते. घळ खासगी जमिनीत आणि तिचा माथा वनक्षेत्रात असेल, तर वनखात्याच्या परवानगीविना वरच्या भागात दगडही रचता येत नाही. हे पाहणीच्या दिवशी उघड झाले, तर काम तिथेच थांबते. नमुना एक-चौदा आणि सर्वेक्षणाचा नकाशा शेजारी ठेवून ही गोष्ट आधीच तपासता येते.

वेळेचाही विचार हवा. राज्यात ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी होतात. ऑक्टोबरच्या सभेत ठराव झाला, तर पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मंजुरी यांना हिवाळा मिळतो आणि दगड रचायला उन्हाळा उरतो. एप्रिलच्या ठरावावरचे काम बहुधा पुढच्या वर्षावर जाते, आणि दरम्यान घळ आणखी एक पावसाळा पाहते.

मंजुरीनंतरही पंचायतीची जबाबदारी संपत नाही. दगडी बांध फुटतात ते बहुतेक तीन कारणांनी. पहिले, बांधाची टोके काठात रोवलेली नसतात. प्रत्येक बाजूला निदान अर्धा मीटर बांध काठात शिरला नाही, तर पाणी दगडाला वळसा घालून काठ कापते आणि घळ पूर्वीपेक्षा रुंद होते. दुसरे, माथा सपाट ठेवलेला असतो. दीड हेक्टरवर तासाला ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी वाहिले, तरी घळीत दर सेकंदाला सुमारे १०० लिटर पाणी येते. मधोमध मीटरभर रुंदीची सांडवाट ठेवली, तर हे पाणी तिथून साधारण वीतभर थराने उतरते. त्यासाठी बांधाची दोन्ही टोके मध्यापेक्षा २५ सेंटीमीटर उंच ठेवावी लागतात. तिसरे, बारीक दगड बाहेर आणि मोठे आत रचलेले असतात. खरी रीत याच्या उलट आहे. वाहून जाणार नाहीत असे मोठे, कोनदार दगड बाहेरच्या अंगाला, विशेषतः खालच्या बाजूला घट्ट बसवायचे आणि बारीक दगडांनी आतली पोकळी भरायची. पोकळीत माती मात्र भरायची नाही, कारण ती पहिल्याच पावसात निघून जाते आणि रचना ढिली पडते.

काम पुरे झाले की नाही, हे पहिल्या जोराच्या पावसानंतर जागेवर जाऊन पाहिल्यास कळते. बांधाच्या वरच्या अंगाला गाळाचा थर बसू लागला असेल, पाणी मधल्या सांडवाटेवरूनच उतरत असेल आणि पायथ्याशी नवा खड्डा पडला नसेल, तर बांध ठीक आहे. काठालगत ओली, ताजी कापलेली माती दिसली, तर पावसाची उघडीप मिळताच तिथे दगड भरून घ्यावे लागतात. दोन-तीन पावसाळ्यांत गाळ माथ्यापर्यंत आला, की बांधाचे काम झाले. त्या गाळावर गवत, निरगुडी यांसारखी लागवड केली, तर पुढे मुळे माती धरतात.

या उपायाची मर्यादाही पत्र लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. घळीतले बांध पाण्याचा वेग कमी करतात, पण घळीत येणारे पाणी कमी करत नाहीत. वरचा उतार उघडा असेल किंवा सड्यावरच्या रस्त्याचे सगळे पाणी एकाच गटारातून घळीत सोडलेले असेल, तर बारा बांधही अपुरे पडतात. अशा वेळी आधी वरच्या भागात समपातळी चर काढण्याची आणि गटाराचे पाणी विभागण्याची मागणी त्याच पत्रात जोडावी लागते. दीड-दोन मीटरपेक्षा खोल गेलेल्या किंवा बारमाही ओहोळ झालेल्या घळीला सुटे दगड टिकत नाहीत. तिथे जाळीत बांधलेला गॅबियन बंधारा किंवा पक्के बांधकाम लागते, आणि त्याचे अंदाजपत्रक वेगळे असते. घळ अशा अवस्थेला जाण्यापूर्वीच मोजली, तर दगड आणि मजुरी एवढ्यावर भागते.