बांधकाम लांबले, विम्याचे काय? : मांडवीच्या किनाऱ्यावरील एक उदाहरण



कारखान्याचे गोदाम असो, कामगार वसाहत असो की आणखी कसली इमारत, काम ठरल्या तारखेला पुरे झाले असे क्वचितच घडते. वार्षिक सभेत त्यावर दोन-चार प्रश्न निघतात, ठेकेदाराला दंड किती लावला हे विचारले जाते, आणि विषय संपतो. पण काम लांबले तेव्हा त्या कामाचा विमा लांबवला होता का, हे फारसे कोणी विचारत नाही. या अंकात तेवढ्या एकाच गोष्टीचा खुलासा करण्याचे आम्ही योजिले आहे.

चालू बांधकामाचा जो विमा ठेकेदार उतरवतो, त्यास ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी’ म्हणतात. कचेरीत तिला नुसते ‘कार पॉलिसी’ म्हणण्याची पद्धत आहे. मोटारगाडीशी तिचा काडीचाही संबंध नाही. वादळ, पूर, आग, चोरी, अर्धवट भिंत कोसळणे अशा कारणांनी बांधकामाचे जे नुकसान होईल ते एका भागात, आणि कामामुळे शेजाऱ्यापाजाऱ्याचे जे नुकसान होईल ते दुसऱ्या भागात, अशी तिची रचना असते. पुष्कळदा ती मालक आणि ठेकेदार या दोघांच्या नावे असते, आणि हप्ता ठेकेदार आपल्या दरातच धरतो. म्हणजे पैसा शेवटी मालकाचाच, कारखान्याचे काम असेल तर सभासदांचा.

आता उदाहरण घेऊ, आणि ते रत्नागिरीच्या मांडवीचे घेऊ. गोव्याची मांडवी नदी नव्हे, रत्नागिरी शहराला लागून काळ्या वाळूचा जो किनारा आहे ती मांडवी. घाटावर पावसाने ओढ दिली तर आपण काळजी करतो, तिथे जूनमध्ये पाऊस आला की बांधकामवाला काळजीत पडतो. काम मे महिन्यात संपणे आणि जूनमध्ये रेंगाळणे यात तिथे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समजा, मांडवीत एक दुमजली इमारत चालू आहे. कामाची किंमत २ कोटी रुपये, विमाही २ कोटींचा. पॉलिसीची मुदत १ नोव्हेंबर २०१८ ते ३१ मे २०२०. पावसाळ्याआधी छप्पर पुरे करायचे, असा हिशेब. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली, मजूर गावी गेले, काम ठप्प झाले. मे उजाडला तेव्हा दोन्ही स्लॅब पडलेले, पण वरच्या मजल्याच्या भिंती अर्ध्या, जिन्यावर छप्पर नाही, सेंटरिंगच्या फळ्या नि पत्रे उघड्यावर.

येथपर्यंत हे समजा म्हटलेले. पुढचे मात्र घडलेले आहे. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला त्याचे ‘निसर्ग’ चक्रीवादळ झाले आणि ३ जूनला ते कोकण किनाऱ्यावर धडकले. त्याचा मुख्य तडाखा रायगडला बसला. पण रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक मोठे जहाज येऊन रुतले, यावरून तिथला समुद्र कसा होता ते कळावे.

आमच्या उदाहरणातील पॉलिसी ३१ मेच्या मध्यरात्री संपली होती. फरक अवघ्या तीन दिवसांचा!

ठेकेदार म्हणेल, मालकाने तर मला डिसेंबरअखेर मुदतवाढ दिली आहे. दिली असेल. केंद्राच्या अर्थखात्यानेही १३ मे २०२० च्या पत्रकाने सरकारी कंत्राटांना तीन ते सहा महिने वाढ देण्याची वाट मोकळी केली होती. पण ती वाढ कामाच्या कराराला, विम्याच्या कराराला नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत आणि एक लांबला म्हणून दुसरा आपोआप लांबत नाही. सगळी गोम इथेच आहे. विमा कंपनीने होकार दिला, वाढीव हप्ता तिच्याकडे जमा झाला, आणि तिने मूळ पॉलिसीला जोडपत्र दिले, तरच मुदत वाढते. विमा कायदा १९३८ च्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता हाती आल्याखेरीज कंपनीला जोखीम घेता येत नाही. ‘पत्र दिलंय, पैसे मागनं देतो’ हे तिथे चालत नाही.

मग ठेकेदाराने काय करायला हवे होते? ३१ मे हा रविवार होता. निदान दोन आठवडे आधी, सोमवारी १८ मेला, पत्र जायला हवे होते, आणि त्यात ‘कोरोनामुळे उशीर’ एवढाच मजकूर पुरेसा नव्हता. पत्र साधारण असे हवे होते :

‘आमची सदर पॉलिसी ३१ मे २०२० रोजी संपत आहे. टाळेबंदीमुळे २५ मार्चपासून काम बंद आहे. दोन्ही स्लॅब पूर्ण असून वरच्या मजल्याच्या भिंती, जिन्याचे छप्पर, गिलावा व फरशी बाकी आहे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत काम पूर्ण होईल. आजपर्यंत कोणतेही नुकसान झालेले नाही. बंद काळात जागेवर रखवालदार असून सामान बांधून ठेवले आहे. मालकाचे मुदतवाढीचे पत्र, कामाचा सुधारित तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत. वाढीव हप्ता कळवावा.’

यातील काम बंद असल्याची ओळ ठेकेदार हमखास गाळतो. ती गाळू नये. काम थांबले तर कळवावे, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते, आणि ओस पडलेल्या जागेची जोखीम चालू जागेपेक्षा निराळी असते. कंपनी पावसाळ्याचाही हिशेब करते. मूळ मुदतीत २०१९ चा एकच पावसाळा होता, वाढीव मुदतीत २०२० चा पुरा चौमास येतो, तोही जवळजवळ सगळी इमारत उभी असताना. म्हणून हप्ता दिवसांच्या प्रमाणात निघेल त्याहून जास्त लागू शकतो, किंवा वादळ-पुराच्या दाव्यात ठेकेदाराने स्वतः सोसायची रक्कम वाढवली जाते. हे महाग वाटते खरे. आमच्या मते यात घासाघीस करावी, पण मुदतीच्या आत.

वादळाची बातमी आल्यावर, २ जूनला, पत्र नेले तर? कंपनी बहुधा वाट पाहायला सांगेल, आणि तिचे चुकले असे म्हणता येणार नाही. मुदत संपून काही दिवस गेले आणि काही बिघडलेले नसेल, तर जागेची पाहणी करून आणि ‘मधल्या काळात नुकसान नाही’ असे लिहून घेऊन कंपनी कधीकधी पुढे विमा देते. पण मधली फट त्याने बुजत नाही.

मुदत वाढवताना रक्कमही पाहावी. लांबलेल्या कामात लोखंड-सिमेंट महागते. समजा २ कोटींचे काम २ कोटी ४० लाखांवर गेले आणि विमा मात्र २ कोटींवरच राहिला. मग २४ लाखांचे नुकसान झाले, तरी त्याच प्रमाणात २० लाखच मान्य होतील, आणि त्यातूनही स्वतः सोसायची रक्कम वजा. मूळ पॉलिसीत भाववाढीची तरतूद घेतली असेल तर तेवढ्या मर्यादेत निभावते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष घडते. गोदामाचे काम अपुरे, पण हंगाम तोंडावर, म्हणून तयार झालेल्या दोन कप्प्यांत साखरेची पोती लावली जातात. जो भाग वापरात घेतला त्यापुरते ‘कार पॉलिसी’चे संरक्षण तिथेच संपते, मुदत कितीही वाढवलेली असो. त्या कप्प्यांचा आणि पोत्यांचा आगीचा विमा पोती आत जाण्यापूर्वी वेगळा उतरवावा लागतो, आणि तो उतरवणे हे ठेकेदाराचे नव्हे, कारखान्याचे काम असते.